उशीवर कूस बदलताना येणारी चक्कर मानेची नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला चक्करेवरचा लेख वाचून हे पत्र लिहीत आहे. ‘पन्नाशीनंतर अंथरुणात कूस बदलताना घर फिरल्यासारखे वाटले, तर मानेचे मणके झिजले असे समजावे आणि पट्टा बांधावा,’ असे त्यात छापले आहे. हे वाक्य चुकीचे आहे, आणि त्यामुळे अनेक जण महिनोन्‌महिने गळ्यात पट्टा घालून फिरतील याचा मला मनापासून राग आला आहे. पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला, तर बहुतेकांच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसतेच. ती दिसली म्हणजे चक्करेचे कारण सापडले असे होत नाही.

लेखातलेच उदाहरण घेऊ. साठीची बाई रात्री उजव्या कुशीवर वळते. दोन-चार सेकंद काही होत नाही, मग छत गरगर फिरू लागते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. डाव्या कुशीवर काही त्रास नाही. सकाळी उठताना पुन्हा तेच, आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला मान मागे टाकली की पुन्हा तेच. डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, शुद्ध हरपत नाही. नुसते फिरते. एवढ्या वर्णनावरून उजव्या कानाच्या मागच्या नलिकेत खडे गेले असावेत, असा दाट संशय घेता येतो.

हे खडे मुळात आजार नव्हेत. अंतर्कर्णात दोन लहान पिशव्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला चिकट पापुद्रा असतो आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण बसवलेले असतात, साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. कण द्रवापेक्षा जड असल्याने डोके कलले किंवा गाडीने वेग घेतला की ते पापुद्र्याला ओढतात आणि खालच्या पेशींना ‘खाली’ कुठे आहे ते कळते. शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांचे काम वेगळे आहे. डोके फिरले की नलिकेतला द्रव मागे रेंगाळतो आणि तिच्या फुगीर टोकाशी असलेला मऊ पडदा वाकवतो. पडद्याची घनता द्रवाइतकीच असते, त्यामुळे नलिकेला डोके फिरलेले कळते, पण गुरुत्वाकर्षण कळत नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. वयाने किंवा डोक्याला मार लागून पिशवीतले कण सुटतात आणि मागच्या नलिकेत पडतात, कारण तीच सगळ्यांत खाली असते. मग कूस बदलली की कण नलिकेतून घरंगळतात, द्रवाला सोबत ओढतात, पडदा वाकतो, आणि डोके स्थिर असूनही ‘डोके फिरते आहे’ असा निरोप मेंदूला जातो. सुरुवातीचे ते दोन-चार सेकंद म्हणजे कण हलून द्रवाला गती मिळेपर्यंतचा वेळ. अर्ध्या मिनिटात कण तळाशी बसतात आणि फिरणे थांबते.

आता घर का फिरताना दिसते, ते सांगतो. कालच्या लेखात ‘डोळे आपोआप नजर स्थिर ठेवतात’ एवढ्यावरच हा विषय संपवला आहे. वाचकांनी हाच अंक हातभर अंतरावर धरावा आणि मान डावी-उजवीकडे सेकंदाला दोनदा हलवावी. अक्षरे वाचता येतील. मग मान स्थिर ठेवून अंक तेवढ्याच वेगाने हलवावा. अक्षरे पुसट होतील. हलणाऱ्या कागदाचा पाठलाग नजरेला करावा लागतो आणि त्याला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. मान हलते तेव्हा मात्र नलिकांचा निरोप अवघ्या तीन चेतापेशींच्या साखळीतून थेट डोळ्यांच्या स्नायूंना पोहोचतो, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. डोके दहा अंश उजवीकडे गेले, तर डोळे दहा अंश डावीकडे जातात. खडे सरकल्यावर हीच यंत्रणा खोट्या निरोपावर चालते. डोळे हळू सरकत जातात, मग झटक्याने परत येतात, आणि पुन्हा सरकतात. म्हणून घर फिरते.

हे झटके बघता येतात आणि तपासणीचा सगळा भर त्यावरच आहे. रुग्णाला खाटेवर बसवून डोके उजवीकडे ४५ अंश वळवायचे, मग त्याला चटकन आडवे करून डोके खाटेच्या कडेबाहेर साधारण २० अंश खाली झुकते धरायचे, आणि डोळे उघडेच ठेवायला सांगायचे. मागच्या नलिकेत खडे असतील, तर थोड्या विलंबाने बुबुळे कपाळाच्या दिशेने झटके घेतात, आणि त्याच वेळी डोळ्यांचा वरचा भाग जमिनीकडच्या कानाच्या बाजूला पिळला जातो. मिनिटाच्या आत हे थांबते. १९५२ पासून ही तपासणी वैद्यकीय साहित्यात आहे. तिला यंत्र लागत नाही, एक खाट पुरते.

उपचारही तिथल्या तिथे करता येतो. त्याच स्थितीतून झटके थांबले की अर्धा-एक मिनिट थांबून डोके डावीकडे ९० अंश वळवायचे. पुन्हा तेवढेच थांबायचे. मग रुग्णाने डाव्या कुशीवर व्हायचे आणि डोके आणखी ९० अंश वळवायचे, इतके की नाक जमिनीकडे येईल. पुन्हा थांबून हनुवटी छातीकडे ठेवत उठून बसायचे. प्रत्येक वळणाला खडे नलिकेत पुढे सरकतात आणि शेवटी पिशवीत परत पडतात. बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो. फसते ते दोन कारणांनी. घाईने मधली थांबण्याची वेळ कापली जाते, किंवा वळताना डोके उचलले जाते आणि खडे मागे घरंगळतात. म्हणून पहिल्यांदा हे जाणकाराकडूनच करून घ्यावे. मान खरोखरच दुखरी असेल, तर पद्धत बदलावी लागते. पट्ट्याने मात्र खडे जागचे हलत नाहीत. गोळ्यांनीही हलत नाहीत, आणि प्रोक्लोरपेराझिनसारखी औषधे आठवडेच्या आठवडे घेतली तर तोल सावरायला मेंदूला उलट जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. चक्कर तासन्‌तास थांबत नसेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलणे अडखळत असेल किंवा आधाराशिवाय उभे राहता येत नसेल, तर हे खडे नव्हेत. अशा वेळी मेंदूचा झटका असू शकतो आणि थेट रुग्णालय गाठायचे असते.

आणखी एक तक्रार. जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा उल्लेख लेखात ‘कानाला थोडा अपाय’ एवढाच आहे. हे इंजेक्शन बरेच दिवस चालले, तर दोन्ही कानांची तोलाची यंत्रणा निकामी होऊ शकते. ऐकू व्यवस्थित येते, म्हणून कोणाला संशय येत नाही. अशा माणसाला घर फिरताना दिसत नाही, पण चालताना दुकानांच्या पाट्या उड्या मारतात आणि अंधारात पाय अडखळतो. त्याच जातीच्या स्ट्रेप्टोमायसिनमुळे ही अवस्था झालेल्या एका डॉक्टरने १९५२ साली आपला अनुभव लिहिला. अंथरुणात वाचताना नाडीच्या ठोक्याने डोके हलायचे, तेवढ्यानेही अक्षरे पुसट व्हायची, म्हणून तो खाटेच्या दोन गजांमध्ये डोके घट्ट टेकवायचा. असे इंजेक्शन चालू असेल, तर डोळ्यांच्या तक्त्यावर शेवटची कोणती ओळ वाचता येते ते बघावे. मग कोणाकडून तरी डोके सेकंदाला दोनदा हलवून घेत पुन्हा वाचावे. तीन किंवा जास्त ओळी कमी झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

लेखासोबतच्या चित्रात गोगलगायीसारख्या भागाला ‘तोलाची नलिका’ म्हटले आहे. तो ऐकण्याचा भाग आहे. चित्र आणि पट्ट्याबद्दलचे वाक्य, या दोन्हींची दुरुस्ती येत्या पुरवणीत ठळक जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, सातारा