कल्ल्यांच्या आकृतीतला चुकलेला बाण आणि ‘तिप्पट कार्यक्षम’ कल्ले

मा. संपादक,
स. न.

आपल्या विज्ञान पुरवणीत माशांच्या श्वसनावर आलेला लेख वाचला. विषय छान निवडला होता, पण दोन गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात. लेखासोबतच्या आकृतीत पाणी आणि रक्त या दोन्हींचे बाण एकाच दिशेला काढले आहेत. आणि लेखात, कल्ले पाण्यातला ८० टक्के ऑक्सिजन काढून घेतात, आपली फुप्फुसे हवेतला जेमतेम २५ टक्के, म्हणून कल्ले ‘तिप्पट कार्यक्षम’ असे म्हटले आहे. पहिली चूक चित्रकाराच्या हातून झाली असावी. दुसरी मात्र पाठ्यपुस्तकांतूनही फिरत असते, म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे.

आधी बाण. माशाच्या कल्ल्याचे झाकण उचलले की लाल कंगव्यासारखे दिसतात ते तंतू. प्रत्येक तंतूच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नुसत्या डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या पातळ पटलिका ओळीने उभ्या असतात, आणि वायूंची खरी देवाणघेवाण तिथे होते. पाणी तोंडातून येते, दोन पटलिकांमधल्या फटीतून जाते आणि झाकणाखालून बाहेर पडते. पटलिकेच्या आतले रक्त याच्या बरोबर उलट वाहते. आकृतीत हेच निसटले, आणि ते निसटले की कल्ल्याची सगळी करामतच निघून जाते.

सोपे आकडे घेऊन पाहू. आत येणाऱ्या पाण्यात ऑक्सिजनचा आंशिक दाब १५० मिमी पारा आहे आणि शरीरातून परतलेल्या रक्तात तो २० आहे, असे धरा. दोघांची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदही सारखी धरू. आपल्या आकृतीप्रमाणे दोन्ही प्रवाह एकाच दिशेने सोडले, तर सुरुवातीला १५० विरुद्ध २० असा दणदणीत फरक असतो आणि ऑक्सिजन भराभर रक्तात शिरतो. पण पाणी उतरत जाते, रक्त चढत जाते आणि ८५ ला दोघे बरोबरीत येतात. मग पटलिका हातभर लांब केली तरी पुढे काही होत नाही. पाण्यातला ४३ टक्के ऑक्सिजन मिळाला, बाकीचा वाहून गेला.

आता रक्ताचा बाण उलटा करा. बाहेर पडायच्या बेतात असलेले, ३० पर्यंत उतरलेले पाणी नुकत्याच आलेल्या २० च्या रक्तासमोर येते. मध्यावर ९० चे पाणी ८० च्या रक्तासमोर असते. आणि निघण्याच्या टोकाला १४० पर्यंत चढलेल्या रक्ताला १५० चे ताजे पाणी भेटते. फरक कुठेच फार मोठा नाही, पण तो कुठेच संपतही नाही. त्यामुळे पटलिकेची पूर्ण लांबी कामाला येते आणि ८० टक्के ऑक्सिजन रक्तात जातो. ओळखायची खूण अशी: बाहेर जाणाऱ्या रक्तातला दाब (१४०) बाहेर जाणाऱ्या पाण्यातल्या दाबापेक्षा (३०) जास्त असतो. एकाच दिशेच्या प्रवाहात असे कधीच घडू शकत नाही.

हे कागदावरचे गणित प्रयोगानेही तपासले गेले आहे. १९५२ मध्ये हॅझेलहॉफ आणि एव्हेनहाइस यांनी टेंच जातीच्या माशाच्या कल्ल्यांवरून पाणी उलट्या दिशेने लोटून पाहिले, तेव्हा ऑक्सिजन काढण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. पाणी उलटे लोटल्यावर तंतूंची मांडणीही बिघडण्याची शक्यता असते, त्यामुळे सगळी घट दिशेच्याच खात्यात टाकू नये. तरी आकडा बोलका आहे. ५१ हा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा. ८० टक्के ही शांत, विसावलेल्या माशातली वरची मजल आहे. मासा जोरात पोहू लागला किंवा पाण्यातला ऑक्सिजन घटला की तो जास्त पाणी खेचतो, पाणी पटलिकांजवळ कमी वेळ टिकते, काही तर तंतूंच्या टोकांमधल्या फटीतून त्यांना न शिवताच निघून जाते, आणि टक्केवारी घसरते.

वर ‘दोघांची ताकद सारखी’ असे धरले, ते माशाला फुकट मिळत नाही. १५ अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. हिमोग्लोबिनमुळे एक लिटर रक्त मात्र कल्ल्यांत ६० मिलिलिटरच्या आसपास उचलू शकते. म्हणजे ८० टक्के काढून घेतला तरी एका लिटर रक्तासाठी ११ लिटर पाणी फिरवावे लागते. ते कमी पडले की उलट्या दिशेचा फायदाही आटतो, कारण रक्त भरण्याआधीच पाणी रिते होते.

आता ‘तिप्पट कार्यक्षम’ या शब्दांकडे येतो.

आपल्या फुप्फुसात हवा आरपार वाहत नाही. भरती-ओहोटीसारखी ती ज्या वाटेने येते त्याच वाटेने परत जाते. साध्या श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत येते. श्वासनलिकांमध्ये आधीच्या उच्छ्वासातली १५० मिलिलिटर शिळी हवा राहिलेली असते, ती आधी वायुकोशांत ढकलली जाते, आणि ताज्या हवेपैकी ३५० मिलिलिटरच तिथपर्यंत पोचते. तिथे आधीपासून २४०० मिलिलिटर हवा मुक्कामाला असतेच. म्हणजे एका श्वासात वायुकोशांतली जेमतेम सातवा-आठवा हिस्सा हवा बदलते. या मिसळणीमुळे तिथला ऑक्सिजनचा दाब १०० च्या आसपास राहतो, आणि रक्त फार तर तेवढाच दाब घेऊन निघते. प्रत्यक्षात ९५. उच्छ्वासाच्या एकत्रित हवेत मात्र ११५ ते १२० दाब शिल्लक असतो. मगाशी सांगितलेली खूण लावली तर फुप्फुस नापास होते. इथपर्यंत लेखाचे म्हणणे बरोबर आहे.

पण हवेच्या लिटरमध्ये ऑक्सिजन सुमारे २१० मिलिलिटर असतो, पाण्याच्या तीसपट. विश्रांतीत माणसाला मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन पुरतो. त्यासाठी ६ लिटरच्या आसपास हवा आत घ्यावी लागते, आणि तिचे वजन भरते ७ ग्रॅम. तेवढाच ऑक्सिजन पाण्यातून घ्यायचा तर ८० टक्के काढूनही ४५ लिटर पाणी लागेल. म्हणजे दर मिनिटाला ४५ किलो ओझे. फुप्फुसाच्या २५ टक्क्यांच्या हिशेबाने तर १४० लिटरच्या वर, आणि तेही दर श्वासाला थांबवून, उलट फिरवून. पाण्याने श्वास घेणाऱ्याला एका दिशेचा अखंड प्रवाह आणि थेंबन्‌थेंब पिळून घेणारे कल्ले लागतात ते यासाठी. ती त्याची चैन नाही, नाइलाज आहे. एवढे करूनही शांत माशाच्या एकूण ऑक्सिजनपैकी साधारण दहावा हिस्सा पाणी खेळवण्यातच जातो असा अंदाज आहे. आपल्या शांत श्वासाचा खर्च एक-दोन टक्के.

आता कुणी विचारेल, हवा स्वस्त असली तरी फुप्फुसाने ८० टक्के काढून घेतले असते तर बिघडले काय असते? इथे कार्बन डायऑक्साइड मध्ये येतो, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही. शरीर १० भाग ऑक्सिजन वापरते तेव्हा साधारण ८ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवेत दोन्ही वायूंना सारखीच जागा असते, म्हणून ऑक्सिजनचा दाब जितका उतरेल त्याच्या आठ-दशांशाने कार्बन डायऑक्साइडचा चढतो. श्वासनलिकेतल्या ओलसर हवेत ऑक्सिजन १५०, वायुकोशात १००, म्हणजे ५० ची उतार. त्याचे आठ-दशांश ४०. वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइडचा दाब खरोखरच ४० असतो. ८० टक्के काढायचे म्हणजे उतार १२० ची, आणि बाहेर जाणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड ९६. तो हवेत ढकलायला शरीरातून परतणाऱ्या रक्तात त्याहून जास्त दाब हवा. आज तो ४६ असतो. दुपटीच्या वर गेलेल्या त्या दाबाची आम्लता पेशींना सोसावी लागली असती.

माशाला ही अडचण येत नाही, कारण पाण्यात कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या सुमारे २८ पट विरघळतो. तीच १२० ची उतार पाण्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब साडेतीनच्या आतबाहेरच वाढवते. म्हणून माशाच्या रक्तात तो २ ते ४ एवढाच असतो. याची दुसरी बाजू अशी की श्वास कमी-जास्त करून मासा रक्ताची आम्लता फारशी सावरू शकत नाही. ते काम तो कल्ल्यांतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट आयनांची अदलाबदल करून करतो. आपल्या श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती, माशाच्या श्वासाचा ऑक्सिजनच्या. फुप्फुसातली ती २४०० मिलिलिटर मुक्कामी हवा म्हणूनच निव्वळ अडगळ नव्हे. तिच्यामुळे दर श्वासागणिक कार्बन डायऑक्साइडचा दाब हेलकावे खात नाही.

आणि कल्ले खरोखरच सर्वत्र सरस असते, तर पाण्याबाहेर काढलेला मासा तीसपट ऑक्सिजनात का गुदमरला असता? पाण्याचा आधार गेला की पटलिका पृष्ठताणाने एकमेकींना चिकटतात, ओल्या पुस्तकाच्या पानांसारख्या. फटी बुजतात आणि वायूला शिरायला पृष्ठभागच उरत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. आकृती पुन्हा छापाल तेव्हा रक्ताचा बाण उलटा करावा, पाण्याच्या दोन्ही टोकांना १५० आणि ३०, तर रक्ताच्या दोन्ही टोकांना २० आणि १४० असे आकडे लिहावेत. आणि ‘तिप्पट कार्यक्षम’ हे शब्द काढून ‘त्याच्या माध्यमातला ऑक्सिजन अधिक प्रमाणात काढून घेणारे’ असे लिहावे. वाक्य लांब होईल, पण चुकणार नाही.

आपला,
प्राणिशरीरक्रियाशास्त्र शिकवणारा एक वाचक