पंकज, त्या 'ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही' वाल्या फ्लॅटबद्दल

प्रिय पंकज,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं याचं उत्तर व्हॉट्सअपवर दोन ओळीत देण्यासारखं नाही, म्हणून नीट लिहायला बसलो. बेलतरोडीचा टू बीएचके, ६० लाख, तू १० टक्के भरायचे, ८० टक्के बँक आत्ताच देणार, उरलेले १० टक्के ताब्याच्या वेळी, आणि तोपर्यंतचं व्याज बिल्डर भरणार. वहिनीला आवडला, शाळाही जवळ आहे, ते सगळं मला समजते. पण शनिवारी टोकन देणार म्हणतोस ना, ते आधी थांबव बे. मी इतकी वर्षं होम लोनच्या फायली बघून राहिलो, या स्कीमच्या फायली कुठे अडकतात ते मला माहीत आहे.

आधी तू विचारलेलं प्री-ईएमआय आणि फुल ईएमआयचं बघू, कारण ते कळल्याशिवाय बिल्डर नेमकं काय भरणार तेच कळत नाही. बांधकाम चालू असताना बँक सगळं लोन एकदम देत नाही, म्हणजे द्यायला नको, जसं काम वर जाईल तसे हप्ते बिल्डरला सोडते. जेवढे पैसे सुटले तेवढ्यावरचं फक्त व्याज दर महिन्याला भरायचं, याला प्री-ईएमआय म्हणतात. यात मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. तुझं लोन ४८ लाख, व्याज साडेआठ टक्के, २० वर्षं धरू. रेरा या घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याखाली महाराष्ट्रात जो नमुना करार आहे त्यात बिल्डर ॲग्रीमेंटनंतर जास्तीत जास्त ३० टक्के घेऊ शकतो, जोता झाला की ४५ पर्यंत, सगळे स्लॅब झाले की ७० पर्यंत, आणि बाकीचे प्लास्टर, फरशी, लिफ्ट असं करत करत ताब्यापर्यंत. तुझे स्वतःचे १२ लाख आधी गेले असं धरलं तर ॲग्रीमेंटनंतर बँकेचे फक्त ६ लाख जातात, त्याचं व्याज महिन्याला ४,२५०. जोत्यानंतर १५ लाख, व्याज १०,६२५. स्लॅब झाल्यावर ३० लाख, व्याज २१,२५०. तीन वर्षांत बिल्डिंग झाली तर माझ्या हिशोबाने तू साधारण पावणेसात लाख व्याज भरशील, आणि ताब्याच्या दिवशी लोन पूर्ण ४८ लाखच असेल.

फुल ईएमआयमध्ये पहिल्या महिन्यापासून पूर्ण लोनचा हप्ता भरायचा, तुझा तो ४१,६५५ येतो. सुरुवातीला ६ लाखावर व्याज सव्वाचार हजारच आहे, म्हणून बाकीचे सदतीस हजार सरळ मुद्दलात जातात. त्याच तीन वर्षांत तू १५ लाख भरशील पण ताब्याच्या वेळी लोन साडेअडतीस लाखाच्या आसपास उरेल. म्हणजे प्री-ईएमआयपेक्षा सव्वाआठ लाख जास्त भरले आणि मुद्दल साडेनऊ लाखाने उतरलं. झेपत असेल तर हाच मार्ग चांगला, यात मला शंका नाही. पण तू आत्ता १५ हजार भाडं देऊन राहिला, वर मुलीची फी, त्यात ४१ हजारांचा हप्ता ओढाताण करेल. अशा वेळी प्री-ईएमआय घे आणि बोनस आला, भिशी उघडली की मध्ये मध्ये मुद्दलात भर, फ्लोटिंग रेटच्या होम लोनवर घर घेणाऱ्याला प्रीपेमेंटचा दंड लागत नाही. एक गोष्ट मात्र सँक्शन लेटरमध्ये पाहूनच घे, प्री-ईएमआय किती महिन्यांपर्यंत चालेल. बऱ्याच बँका मुदत घालतात, ती संपली की बिल्डिंग अर्धवट असली तरी पूर्ण हप्ता आपोआप सुरू होतो.

आता तुझी स्कीम. १०:८०:१० मध्ये ४८ लाख सुरुवातीलाच बिल्डरच्या खात्यात जातात, त्यामुळे पहिल्याच दिवसापासून व्याज ३४,००० महिना. जोता व्हायच्या आधीच. बिल्डर म्हणतो ते मी भरतो, आणि ऐकायला छान वाटते कारण तुला त्या वेळी काहीच लागत नाही. पण लोन कोणाच्या नावावर आहे? तुझ्या. बँक, तू आणि बिल्डर यांचा जो ट्रायपार्टाइट करार होतो त्यात एक कलम असते, त्याचा अर्थ असा की बिल्डरने व्याज भरलं नाही तरी कर्जदाराची जबाबदारी कमी होत नाही, आणि ताबा मिळाला की नाही याच्याशी परतफेडीचा संबंध नाही. ते कलम सहसा मागच्या पानांवर असते आणि सहीच्या दिवशी कोणी वाचत नाही. बिल्डरचं वचन तुझ्याशी, तुझं वचन बँकेशी. बँकेला तुझ्या आणि बिल्डरच्या भांडणाशी घेणं नाही.

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षक जोडप्याचं सांगतो. त्यांचं लोन जवळपास तुझ्याएवढंच, स्कीम हीच, बिल्डरचं नाव लिहित नाही. चौदा महिने व्याज नीट गेलं. मग बिल्डरच्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये पैसे अडकले म्हणे, आणि एका सकाळी त्यांना बँकेचा मेसेज आला की हप्ता बाऊन्स झाला. ऑफिसमध्ये गेले तर 'अगले महिने कर देते है सर'. तो पुढचा महिना आला नाही. साइटवर चौथा स्लॅब टाकलेला, सळया तशाच बाहेर. आता हिशोब बघ. पंधराव्या महिन्यापासून छत्तिसाव्यापर्यंत बावीस महिने, ३४ हजारांनी ७ लाख ४८ हजार, सगळं व्याज, मुद्दल ४८ लाख जिथल्या तिथे, आणि भाडं वेगळं. साधा बांधकामाप्रमाणे पैसे द्यायचा प्लॅन असता तर काम चौथ्या स्लॅबवर थांबल्याबरोबर बँकेने पुढचे हप्ते सोडलेच नसते, महिन्याचं व्याज वीसेक हजारांच्या आत राहिलं असतं आणि मुख्य म्हणजे उरलेले पैसे त्यांच्या हातात राहिले असते. बिल्डरला काम पुढे नेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत हा जो धाक आहे तो या स्कीममध्ये पहिल्याच महिन्यात संपतो. मला यातलं सगळ्यात वाईट हेच वाटते. व्याजापेक्षाही.

ते हप्ते थकले तेव्हा सिबिल त्यांचा पडला, बिल्डरचा नाही. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होते, त्यामुळे त्यांनी सोनं गहाण ठेवून भरणं सुरू केलं. तेच बरोबर होतं, रागात हप्ता बंद करणारे लोक जास्त अडचणीत येतात.

बिल्डर प्रामाणिक निघाला तरी दोन गोष्टी बघ. तुझ्या कागदावर 'ताबा किंवा २४ महिने, जे आधी होईल ते' असं लिहिलं आहे, तूच फोटो पाठवला. म्हणजे ताबा छत्तिसाव्या महिन्यात गेला तर मधलं एक वर्ष ३४ हजार महिना तुझेच, ४ लाख ८ हजार. दुसरं, त्याच फ्लॅटचा साध्या प्लॅनमध्ये भाव किती ते विचार, लेखी माग. कमी निघाला तर मधला फरक म्हणजे तुझ्याकडून आधीच घेतलेलं व्याज, आणि त्याच्यावरही तू जीएसटी आणि स्टॅम्प ड्यूटी भरणार.

आणि हे काही मी एकटा म्हणून नाही राहिलो. आरबीआयने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं की लोनचे पैसे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच सोडा, आधीच सगळे देऊ नका. जुलै २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने हाउसिंग फायनान्स कंपन्यांना बिल्डर व्याज भरेल अशी लोनच देऊ नका असं कळवलं. दिल्ली-एनसीआरमध्ये हजारो लोक यातच अडकले, शेवटी एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे दिली. मग आता ही स्कीम कशी विकतात? रूप बदलून. लोन नेहमीसारखं तुझ्या नावावर, हप्ता तुझ्या खात्यातून कटणार, आणि बिल्डर वेगळं पत्र देतो की दर महिन्याला तेवढे पैसे तुझ्या खात्यात टाकीन. बँकेला त्या पत्राची खबरही नसते. तुझ्या कागदांवरून मला हेच दिसून राहिलं, म्हणून जास्त काळजी वाटते.

समज पुढे कधी बिल्डर थांबलाच, तर रेरा कायद्याच्या कलम १८ मध्ये ताबा लांबला की दर महिन्याचं व्याज मागता येते, किंवा बाहेर पडून पूर्ण पैसे व्याजासकट परत मागता येतात. आपल्याकडे त्याचा दर स्टेट बँकेचा सर्वात जास्तीचा एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा मूळ दर, अधिक दोन टक्के. तक्रार करायला मुंबईला जावं लागत नाही, महारेराचं ऑफिस नागपुरात आहे. पण ऑर्डर मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही, बिल्डरने दिले नाही तर वसुली कलेक्टर ऑफिसकडे जाते आणि त्याला वेळ लागतो. तोपर्यंत बँकेचे ३४ हजार तुलाच द्यायचे आहेत. त्या जोडप्याचंही तिथेच अडकून आहे.

तू आता असं कर. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाक, काम पूर्ण व्हायची जाहीर तारीख बघ, ती ब्रोकरने सांगितलेल्या २४ महिन्यांशी जुळते का. आर्किटेक्टचं सर्टिफिकेट तिथे टाकलेलं असते, काम किती टक्के झालं ते त्यात दिसते, मग रविवारी साइटवर जाऊन डोळ्यांनी पाहा. बिल्डरला सरळ सांग की स्कीम नको, बांधकामाप्रमाणे पैसे देतो, भाव कमी कर. तो तयार झाला नाही तर त्याला तुझ्या फ्लॅटपेक्षा तुझं लोन हवं आहे असं समज. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर एक पैसा देऊ नको, कायद्याने त्याला मागताच येत नाही.

वहिनीला नाराज करायचं नाही मला, फ्लॅट चांगला असू शकतो, साध्या प्लॅनवर मिळाला तर मी स्वतः तुझ्यासोबत बँकेत येतो. सँक्शन लेटर, त्या व्याजाच्या पत्राचा ड्राफ्ट आणि ट्रायपार्टाइट करार, तिन्हीची सगळी पानं स्कॅन करून पाठव, फक्त पहिलं पान नको. शुक्रवारी रात्री फोन करतो, तोपर्यंत वाचून ठेवीन. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नितीन