थकवा आला म्हणून शहाळे? डायलिसिसच्या रुग्णांना नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डायलिसिस केंद्रात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला वारंवार दिसते, की रुग्णाला गळून गेल्यासारखे वाटू लागले की घरची माणसे मायेने शहाळे आणि केळे पुढे करतात. या दोन पदार्थांविषयी थोडे सविस्तर लिहिते.

पानांत तयार झालेली साखर फळांपर्यंत पोहोचवण्यासाठी आणि पेशींत पाणी धरून ठेवण्यासाठी वनस्पतींना पोटॅशियम लागते, आणि घड पोसणारी केळ तर ते जमिनीतून भरपूर ओढून घेते. शहाळ्याचे पाणी हे वाढत्या बीजासाठी साठवलेले द्रवरूप अन्न असून त्यातील क्षारांत सर्वांत मोठा वाटा पोटॅशियमचाच असतो. मध्यम केळ्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम, तर २०० मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ५०० मिलिग्रॅम असते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळली आणि ते पाणी ओतून दिले, तर तिच्यातले पोटॅशियम बरेच कमी होते. शहाळ्याच्या बाबतीत ही सोय नाही, कारण तिथे पाणीच प्यायचे असते.

निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. आता आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस घेणारा आणि लघवी जवळजवळ बंद झालेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. अशा रुग्णाला दिवसाची मर्यादा अनेकदा २००० ते २५०० मिलिग्रॅमची दिलेली असते. दोन ग्लास शहाळ्याचे पाणी आणि एक केळे मिळून १४०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक मर्यादा जेवणाआधीच संपते. त्यातही दोन डायलिसिसमधले अंतर आठवड्यातून एकदा लांबते, आणि त्याच काळात पोटॅशियम साचण्याचा धोका सर्वाधिक असतो. गोम अशी, की स्नायूंतील अशक्तपणा हे पोटॅशियम वाढल्याचेच लक्षण असू शकते, म्हणजे ज्या थकव्यावर शहाळे दिले जाते तोच त्याने वाढतो. कित्येकदा तर कोणतेही लक्षण न दिसता थेट हृदयाची लय बिघडते.

डायलिसिस नसले, तरी ज्यांचे मूत्रपिंडाचे कार्य बरेच घटले आहे, रक्तातील पोटॅशियम ५ मिलिमोल प्रतिलिटरच्या वर राहते, किंवा ज्यांना टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू आहेत, त्यांनी हे पदार्थ डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. मधुमेहींनी अधिक जपावे. उलट आजार सुरुवातीच्या टप्प्यात असून पोटॅशियम तपासणीत सामान्य आले असेल, तर केवळ धास्तीपोटी फळे सोडण्याचे कारण नाही. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या काहींचे पोटॅशियम तर कमीच भरते आणि त्यांना केळे खायला सांगावे लागते.

डायलिसिसच्या रुग्णाचे पाय अचानक जड झाले किंवा छातीत धडधडू लागले, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी रक्तातील पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घ्यावा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ