चालू गृहकर्जाचा स्प्रेड कमी करण्याबाबत तक्रार व विनंती

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गृहकर्ज विभाग

दिनांक: 12 जानेवारी 2026

विषय: रेपोसंलग्न गृहकर्जाचा स्प्रेड 3.40 वरून 2.35 टक्के करणे

महोदय,

माझे 36,50,000 रुपयांचे गृहकर्ज जानेवारी 2021 मध्ये 20 वर्षांसाठी मंजूर झाले. तेव्हा रेपो दर 4 टक्के होता आणि त्यावर 3.40 टक्के स्प्रेड धरून दर 7.40 पडला. मध्यंतरी 6.50 पर्यंत चढलेला रेपो आज उतरून 5.25 आहे, म्हणून माझा दर 8.65. आपल्याच शाखेत लावलेल्या दरपत्रकात मात्र याच रकमेच्या आणि याच गटातल्या नव्या कर्जदाराला 7.60 टक्के दर दिसतो. रेपो दोघांनाही एकच. फरक आहे तो फक्त स्प्रेडचा.

म्हणून "रेपो उतरला तसा तुमचाही दर उतरला, आणखी काय हवे?" हे शाखेत तोंडी मिळालेले उत्तर माझ्या प्रश्नाला लागूच होत नाही. रेपोची कपात मला मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. "स्प्रेड कर्ज फिटेपर्यंत बदलत नाही" हे दुसरे उत्तर तर नियमाला धरून नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार स्प्रेडमधला पत-जोखमीचा भाग कर्जदाराच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाल्यास बदलता येतो आणि उरलेले भाग तीन वर्षांतून एकदा. माझी तीन वर्षे जानेवारी 2024 मध्येच पूर्ण झाली. शिवाय 1 ऑक्टोबर 2025 पासून, ग्राहक टिकवण्यासाठी हे उरलेले भाग तीन वर्षांच्या आतही कमी करण्याची मुभा बँकांना आहे. तेव्हा बँकेचे हात बांधलेले नाहीत. द्यायचे नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, नियमाकडे बोट दाखवू नये.

पतमूल्यांकनाचे म्हणाल तर 60 हप्ते ठरल्या तारखेला नॅचमधून गेले आहेत. 2023 मध्ये दर 9.90 वर पोहोचला तेव्हाही मुदत न वाढवता वाढीव हप्ता भरला. एकही हप्ता परत गेलेला नाही, दंडात्मक आकार एक रुपयाही नाही. क्रेडिट स्कोअर कर्ज घेताना 741 होता, आता 798 आहे. घराची करारातली किंमत 48 लाख. तेव्हा कर्ज तिच्या 76 टक्के होते, आज शिल्लक मुद्दल 32 लाख म्हणजे साधारण 67 टक्के आहे. किमतीतली वाढ यात धरलेलीच नाही. ज्याने पाच वर्षे फेडून दाखवले त्याच्याकडून, अजून पहिला हप्ताही न भरलेल्या माणसापेक्षा 1.05 टक्के जास्त घेण्यामागे जोखमीचे कोणते गणित आहे, ते समजून घ्यायला आवडेल.

या फरकाचे व्याज आजच्या शिल्लक मुद्दलावर महिन्याला 2,800 रुपये होते. 180 महिने बाकी असताना 8.65 टक्क्यांनी हप्ता सुमारे 31,794 येतो, 7.60 ने 29,847. मात्र मला हप्ता कमी करून नको आहे. हप्ता कमी केला तर उरलेल्या मुदतीत साधारण साडेतीन लाख वाचतात. तोच 31,794 चालू ठेवला तर कर्ज 161 महिन्यांत फिटते आणि बचत सहा लाखांच्या वर जाते. सिस्टीममध्ये दर बदलताना "मुदत कमी, हप्ता कायम" हाच पर्याय नोंदवावा आणि बदललेले परतफेडीचे वेळापत्रक द्यावे. नोंद चुकली की ते बहुधा पुढच्या विवरणातच कळते.

दर बदलण्यासाठी शुल्क लागत असेल तर आकडा आधी लेखी कळवावा. शिल्लक मुद्दलाच्या अर्ध्या टक्क्याने 16,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 18,880 रुपये झाले तरी सात महिन्यांच्या व्याजबचतीत निघतात, म्हणून तेवढ्यावर अडणार नाही. त्याहून जास्त मागितले तर मात्र कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा खर्च समोर मांडून बघावा लागेल: तिथले प्रोसेसिंग शुल्क, मुद्रांक शुल्क, नोटीस ऑफ इंटिमेशन. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही, हे आपण जाणताच.

तरी, स्प्रेड 2.35 टक्के करावा. ते शक्य नसेल तर माझ्या 3.40 टक्क्यांत पत-जोखमीचा भाग किती आणि इतर भाग किती, हे नकाराच्या कारणासह लेखी द्यावे. दर किती द्यायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे आणि त्यावर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल निवाडा देणार नाहीत, याची मला कल्पना आहे. पण 30 दिवसांत उत्तरच न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते आणि तशी तक्रार cms.rbi.org.in वर करता येते. दरम्यान, शिल्लक रकमेचे पत्र आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी सात दिवसांत मिळावी.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक द्यावा.

आपला विश्वासू,
(कर्जदार)

सोबत: मंजुरीपत्राची प्रत, 60 हप्त्यांचे कर्जखाते विवरण, क्रेडिट अहवाल, शाखेतील दरपत्रकाचा फोटो