किल्ली परत आल्याची सही कोणी करायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायटीने ठेवायच्या दप्तरांची यादी आपल्या पुरवणीत नुकतीच वाचली. ‘आय’ रजिस्टर, ‘जे’ रजिस्टर, शेअर्सचे, नामनिर्देशनाचे, सगळी नावे बरोबर आहेत आणि तपासणीला कोणी आले तर हीच मागतात. पण आमचे एका संध्याकाळी ज्या वहीपायी अडले, ती या यादीत नाही. ती म्हणजे किल्ल्यांची वही. मी तेव्हा सचिव होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे तीन विंग आहेत. एके दिवशी पावणेसातच्या सुमारास बी विंगची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत एक आजी आणि त्यांचा सहा वर्षांचा नातू. लिफ्टचा मेकॅनिक अर्ध्या तासात आला, हे नशीबच. त्याला वर मशीन रूममध्ये जाऊन वीज बंद करायची, ब्रेक सोडून लिफ्ट हाताने मजल्याला आणायची, एवढेच काम होते. मशीन रूमची किल्ली हुकवर होती. गच्चीची नव्हती. आणि मशीन रूमला वाट गच्चीतूनच.

वही उघडली. गच्चीची किल्ली दुपारी सव्वादोनला इंटरनेटची केबल टाकणाऱ्या मुलाने नेली होती आणि साडेचारला परत केली होती. पुढे सहीसुद्धा होती. मग किल्ली गेली कुठे? त्या मुलाला फोन लावला, तेव्हा किल्ली त्याच्या खिशातच होती आणि तो दुसऱ्या उपनगरात पोहोचला होता. वॉचमनने किल्ली देतानाच त्याला सांगितले होते, “दोन्हीकडे सही करून ठेव, परत येशील तेव्हा मी राउंडला असेन.” साडेचार ही वेळ अंदाजाने आधीच टाकलेली.

डुप्लिकेट होती. ऑफिसच्या कपाटात होती. कपाटाची किल्ली खजिनदारांकडे, खजिनदार लग्नासाठी चिपळूणला. कपाटाचीही डुप्लिकेट होती, पण ती कपाटाच्याच आतल्या खणात ठेवलेली! शेवटी गच्चीचे कुलूप हातोड्याने फोडले. आजी बाहेर आल्या तेव्हा आठला दहा मिनिटे होती.

दुसऱ्या दिवशी समितीत सगळे वॉचमनवर घसरले. मला मात्र वहीचे रकानेच चुकीचे आखलेले दिसले. ‘परत केल्याची सही’ असा रकाना होता, म्हणजे किल्ली नेणाऱ्यानेच सही करायची. ज्याच्याकडे किल्ली आहे त्यानेच ‘माझ्याकडे नाही’ असे लिहून द्यायचे, याला काय अर्थ? नेताना सही नेणाऱ्याची हवी, कारण जबाबदारी तो घेतोय. परत येताना सही घेणाऱ्याची हवी, कारण आता जबाबदारी त्याच्यावर आली. आम्ही रकान्याचे नावच बदलले: ‘किल्ली हुकला लावली – वॉचमनची सही’. तोवर ती जागा कोरी. कोरी जागा दिसली की किल्ली बाहेर आहे हे कोणालाही कळते, आणि वहीचा खरा उपयोग तोच आहे. वेळ केबिनमधले घड्याळ बघून लिहायची. रात्री नेलेली किल्ली सकाळी आली तर परतीच्या वेळेसोबत तारीखही, नाहीतर ‘६.३०’ हे सकाळचे की संध्याकाळचे यावर वाद होतो. आमच्याकडे झालेला आहे.

आता डुप्लिकेटचे. वहीची पहिली काही पाने आम्ही कायमच्या यादीसाठी ठेवली. कुलूप कोणते, त्याच्या एकूण किल्ल्या किती आणि प्रत्येक कुठे. उदाहरणार्थ बी विंगच्या गच्चीपुढे असे लिहिले आहे: १२/१ – केबिनमधले कपाट, हुक १२, १२/२ – ऑफिसचे कपाट, वरचा खण, बंद पाकीट, १२/३ – अध्यक्षांच्या घरी. किल्लीच्या बिल्ल्यावर फक्त ‘१२/१’. ‘बी विंग गच्ची’ असे बिल्ल्यावर लिहिले तर ती किल्ली रस्त्यात पडल्यावर सापडणाऱ्याला पत्ताच मिळतो. पाकिटावर चिकटवलेल्या जागेवर दोघांच्या आडव्या सह्या असतात, म्हणजे मध्ये कोणी उघडले तर दिसते. आणि दोन्ही कपाटांच्या डुप्लिकेट किल्ल्या दोन वेगळ्या घरी.

डुप्लिकेट रोजच्या कामाला द्यायची नाही, हा नियम पाळणे सर्वांत जड गेले. मूळ किल्ली बाहेर असताना टाकी धुणारा आला की, “असू दे, दुसरी देऊन टाका,” असे कोणीतरी म्हणतेच. पण दुसरीही बाहेर गेली की मग लिफ्ट अडकायचा अवकाश. तातडीला पाकीट फोडावे, त्याचीही त्याच वहीत नोंद करावी आणि किल्ली परत आल्यावर नवे पाकीट, नव्या सह्या.

सकाळी आणि रात्री आठला वॉचमन बदलतात, तेव्हा दोघांनी मिळून रिकामे हुक मोजायचे आणि वहीतल्या कोऱ्या जागा मोजायच्या. आकडे जुळले की खाली एक ओळ आणि दोघांच्या सह्या. याला तीन मिनिटेही लागत नाहीत. नाही जुळले तर शोध तेव्हाच घेता येतो, कारण नेणारा अजून लांब गेलेला नसतो.

वही नुसती भरलीय की खरी भरलीय, हे मी दर रविवारी बघत असे. सगळ्या वेळा १०.००, १०.३०, ११.०० अशा गोल असल्या आणि दिवसभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच घाईत लिहिलेल्या दिसल्या, की समजायचे वही संध्याकाळी बसून भरली आहे. खऱ्या वहीत १०.१७ असते, मधेच शाई बदलते, एखादी ओळ खोडलेली असते. खोडायला आमची हरकत नाही, फक्त एकच रेघ आणि बाजूला सही हवी. व्हाइटनर चालत नाही, पान फाडणेही नाही. म्हणून पानांना आधीच नंबर घातले.

एक गोष्ट या वहीच्या हातात नाही. बाहेर गेलेल्या किल्लीची कोपऱ्यावर दहा मिनिटांत नक्कल होते आणि वहीला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून किल्ली एक रात्र बेपत्ता राहिली की आम्ही कुलूपच बदलतो. जुन्या नंबरावर लाल रेघ मारतो आणि तो नंबर पुन्हा वापरत नाही. सभासदांच्या घरांच्या किल्ल्या ठेवायला मी ठाम नकार दिला, त्यावरून दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

यादी करताना केबिनच्या डब्यातून ४१ किल्ल्या निघाल्या. एकेक घेऊन तिन्ही विंग पालथ्या घातल्या, तरी नऊ किल्ल्या कुठल्याच कुलपाला लागल्या नाहीत. त्या फेकून द्याव्यात असा ठराव दोनदा आला आणि दोनदा बारगळला. एका पाकिटात, ‘कुलूप अज्ञात’ अशा नोंदीसह, त्या आजही कपाटात आहेत.

आपला,
एक माजी सचिव, ठाणे