मनमाडच्या पाण्याचा प्रस्ताव

मनमाड, ४ मे २०१९

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

फार दिवसांनी लिहितो आहे. आईचा गुडघा आता बरा आहे, बाकी सर्व ठीक. पत्राचे कारण एवढेच की येथील पाण्यावरील बातमीचा प्रस्ताव मी एका वृत्तसंपादकांना ईमेलने पाठवणार आहे आणि तो आधी तुझ्या नजरेखालून जावा, अशी माझी फार इच्छा आहे.

‘मनमाडला टंचाई’ एवढ्यावर कोणताही संपादक बातमी घेणार नाही. वागदर्डी धरण आटते, पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लागतात, ते पाणी पाटोद्याच्या साठवण तलावातून पंपाने उचलावे लागते आणि नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नाही, हे दर उन्हाळ्यात छापून येते. म्हणून विषयाच्या ओळीत मी लिहिले आहे: ‘मनमाड: पंधरा दिवसांचे पाणी कोणाच्या घरात मावते?’

भुयारी गटार नसलेल्या शहरांसाठीचा माणशी रोज ७० लिटरचा निकष धरला, तरी पाच जणांच्या घराला पंधरा दिवसांसाठी ५,२५० लिटर पाणी साठवावे लागते. ज्याच्या अंगणाखाली सहा हजार लिटरची टाकी आहे, त्याचे निभते. दोनशे लिटरचे तीन पिंप ठेवण्याइतकीच जागा असलेल्या घरात माणशी रोज आठ लिटर उरतात. त्यात पिणे, स्वयंपाक, आंघोळ सगळेच आले. पुढचे पाणी त्या घराला विकत घ्यावे लागते. एकाच व्हॉल्व्हवरची अशी दोन घरे घेऊन नळ सुटल्यापासून पुन्हा सुटेपर्यंतचा हिशेब मांडायचा आणि व्हॉल्व्हमनच्या नोंदींशी तो ताडून पाहायचा, असा बेत आहे. पंधरा लिटरची बादली किती वेळात भरते, हे दोन्ही नळांवर घड्याळ लावून पाहीन, कारण शेवटच्या घराला धारच बारीक मिळत असेल तर दोष केवळ साठवणीचा राहत नाही.

माझी चिंता एका वाक्याची आहे. ‘मोठ्या टाकीचे घरही दहाव्या दिवशी टँकर बोलावत असेल, तर माझा मुद्दा टिकणार नाही आणि मी तसे कळवीन,’ असे मी प्रस्तावात लिहिले आहे. ते वाचून संपादक कचरतील का? २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा गाडीची बातमी मोठी की आटलेल्या धरणाची, यावर आपण रात्रभर भांडलो होतो. तेव्हा तू म्हणाला होतास की संपादकाला चित्र आधी हवे असते. मला अजूनही ते पटत नाही, पण बादलीचा परिच्छेद मी वर घेतला आहे.

शिवाय २९ एप्रिलला आपल्याकडचे मतदान उरकले असले, तरी २३ मेच्या निकालापर्यंत पानांवर जागा मिळणे कठीण आहे. त्यानंतर पाऊस झाला तर विषयच मागे पडेल. म्हणून दहा दिवसांत बाराशे शब्द आणि छायाचित्रे देण्याचे कबूल केले आहे. प्रवासखर्च मात्र मानधनाहून वेगळा मागितला आहे.

नागपूरचे घर लागले का? वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद. पत्र मिळताच फोन कर आणि ते वाक्य ठेवू की काढू, तेवढे सांग.

तुझा,
अरुण