विषय : उंच प्रिंट मधोमध फाटण्याबाबत (पाचवी तक्रार)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आजचा फोन तुमच्या माणसाने मध्येच ठेवला, म्हणून हे लिहून कळवतो आहे.

थ्रीडी प्रिंटर तुमचा, बंद चेंबरचा. एबीएस फिलामेंट तुमचं, स्लायसरमधली एबीएसची प्रोफाइलही तुमचीच. मी एका आकड्यालाही हात लावलेला नाही. २३० मिमी उंचीचं एक कव्हर तीन वेळा छापलं. ते खाली रुंद चौकोनी आहे आणि १४० मिमीच्या वर एकदम निमुळतं होतं. तिन्ही वेळा ते निमुळतं व्हायला लागलं तिथेच फाटलं. भेग कोपऱ्यातून सुरू होते, आणि तिथे ती इतकी रुंद आहे की नख आत जातं.

आता आजचा संवाद, जसा झाला तसा.

"सर, पहिला थर बेडला नीट चिकटतोय का?"

मी सांगितलं, इतका चिकटतोय की पट्टीने खरवडून काढावा लागतो. भेग वर आहे, १४० मिमीवर.

"बेडवर गोंद लावून बघा सर."

अहो, बेडपासून चौदा सेंटिमीटर वर फाटतंय!

"मग गोंद थोडा जास्त लावा सर."

हे वाक्य मी कागदावर लिहून प्रिंटरशेजारी चिकटवून ठेवलं आहे. गोंदानेच चिकटवलं, तेवढ्यासाठी उपयोगी पडला. त्यानंतर "फिलामेंट ओलं असेल" हे ठेवणीतलं उत्तर आलं. ओलं फिलामेंट नोझलपाशी तडतडतं, भिंतीवर बारीक बुडबुडे उठतात. मी ते ८० अंशांवर सहा तास सुकवूनच लावलं होतं आणि भिंती गुळगुळीत आहेत. मग फोन ठेवला गेला.

तुम्ही प्रिंटर बनवता, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत असणारच, तरी लिहितो. एबीएस साधारण १०५ अंशांच्या खाली कडक होतं. नवा थर पडतो तेव्हा खालच्या थराचा वरचा भाग क्षणभर तरी त्या तापमानाच्या वर तापला पाहिजे, तरच दोन्ही थर एकमेकांत मुरतात. नाहीतर ते नुसते एकावर एक टेकलेले राहतात. वर प्लास्टिक निवताना आकसतं, कोपरे आत ओढले जातात आणि जिथे जोड कच्चा असेल तिथे उसवतं. बेड १०० अंशांवर असला तरी त्याची ऊब खालच्या काही सेंटिमीटरपुरतीच. वरचा भाग चेंबरच्या हवेच्या भरवशावर असतो.

आणि ती हवा तुमची प्रोफाइल बाहेर फेकते. चौथ्या थरापासून मागचा एक्झॉस्ट फॅन ७० टक्क्यांवर चालू होतो, आणि दाराच्या फटीतून खोलीतली गार हवा आत ओढली जाते. मी आत थर्मामीटर टांगला : बेडजवळ ५६ अंश, १५० मिमी उंचीवर ३९. वर कडी म्हणजे, आकार निमुळता झाला की एक थर आठ सेकंदांत संपतो. खरं तर ही चांगली गोष्ट, खालचा थर अजून गरम असतो. पण तुमच्या प्रोफाइलला वाटतं प्लास्टिक निवायला वेळ मिळत नाही, म्हणून ती नोझलशेजारचा फॅन थेट ८० टक्क्यांवर नेते. नेमका १४० मिमीवर! पीएलएला हे चालतं, तिथे गारवा हवाच असतो. म्हणजे पीएलएची प्रोफाइल उचलून नोझलचं तापमान तेवढं वाढवलं आणि नाव एबीएस ठेवलं, असा माझा समज झाला आहे. चुकीचा असेल तर लेखी कळवा.

चौथ्या प्रिंटला एक्झॉस्ट बंद केला, दाराच्या फटीला टेप लावली, बेड तापवून अर्धा तास थांबलो. भेग केसाएवढी उरली, जागा तीच. पाचव्याला नोझलचा फॅनही शून्यावर आणला आणि नोझल २४० वरून २५० केलं. अखंड निघालं, हाताने वाकवूनही तुटलं नाही. उघड्यावर लोंबणाऱ्या कडा थोड्या ओघळल्या, तेवढं मी सोसलं. हे शोधायला मला सव्वादोन किलो फिलामेंट लागलं. तुम्हाला बहुधा एक फोन पुरला असता, तोही न ठेवता.

आणि बेडचा यात काही संबंध नव्हता. पुन्हा सांगतो, बेडचा संबंध नव्हता.

प्रोफाइल दुरुस्त करा आणि वाया गेलेलं फिलामेंट भरून द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पाचही प्रिंटचे फोटो आणि आजचा संवाद ग्राहक आयोगाकडे जाईल. याआधी तुमचेच दोन प्रिंटर मी मित्रांना घ्यायला लावले होते. त्यांनाही आजच हे आकडे पाठवले आहेत.

उत्तरात गोंदाचा उल्लेख नसावा.

तुमचा (अजूनपर्यंत) ग्राहक